शिवणीवर जुळणारे पट्टे

शाळेत प्रकाशाचे दोन नियम शिकवले जातात. परावर्तनाचा नियम आरशाच्या धड्यात येतो: आपतन कोन आणि परावर्तन कोन सारखे असतात. अपवर्तनाचा नियम पुढच्या एखाद्या इयत्तेत भिंगांच्या आधी येतो: दोन कोनांच्या साइनचं गुणोत्तर स्थिर असतं, आणि त्या स्थिरांकाला अपवर्तनांक म्हणायचं. दोन्ही नियम टाचण्या टोचून, पेन्सिलीनं रेषा ओढून, कोनमापक लावून पडताळता येतात. पण पहिल्या नियमाचा दुसऱ्याशी काय संबंध, आणि दुसऱ्यात कोन सोडून साइनच का यावी, हे तिथे कुणी सांगत नाही. प्रत्यक्षात हे दोन्ही नियम एकाच अटीतून निघतात. ती अट अशी: दोन माध्यमं जिथे भेटतात त्या पृष्ठभागावर, पृष्ठभागाला समांतर असलेलं विद्युत क्षेत्र दोन्ही बाजूंना सारखंच असलं पाहिजे. यातून नियम कसे बाहेर पडतात ते पायरी-पायरीनं पाहण्यासारखं आहे.

अपवर्तनाच्या नियमाला नेदरलँड्समधल्या लायडनच्या विलेब्रोर्ट स्नेलचं नाव आहे. त्यानं तो १६२१ च्या सुमारास मोजमापांतून शोधला, पण छापला नाही. १६३७ मध्ये रने देकार्तनं तो छापला, आणि सोबत कारणही दिलं. त्याचं म्हणणं असं: प्रकाशाला वेगानं फेकलेल्या चेंडूसारखं समजा. पाण्याचा पृष्ठभाग चेंडूला फक्त खाली-वर ढकलू शकतो, आडवा ढकलू शकत नाही, म्हणून वेगाचा आडवा भाग पाण्यात शिरताना बदलत नाही. आडवा भाग म्हणजे वेग गुणिले कोनाची साइन. तो दोन्हीकडे सारखा ठेवला की साइनचं गुणोत्तर स्थिर येतं. नियम बरोबर मिळाला. पण या कारणमीमांसेतून आणखी एक गोष्ट निघते: पाण्यात शिरताना किरण स्तंभिकेकडे वळत असेल, तर पाण्यात प्रकाशाचा वेग वाढलेला असला पाहिजे. हवेपेक्षा साधारण एक तृतीयांशानं जास्त.

प्रकाशाचा पाण्यातला वेग हवेतल्या वेगाशी ताडून पाहायला १८५० साल उजाडलं. पॅरिसमध्ये लेआँ फुकोनं फिरत्या आरशाच्या साहाय्यानं ही तुलना केली, आणि पाण्यात प्रकाश हळू जातो हे दिसलं. म्हणजे देकार्तचं सूत्र खरं आणि कारण खोटं. तरी त्याच्या विचारातला एक भाग टिकाऊ होता. पृष्ठभागाच्या दिशेनं काहीतरी तसंच राहतं, ही त्याची पकड योग्य होती. तसंच राहतं ते काय, एवढंच त्याचं चुकलं. ते काय आहे हे प्रकाशाकडे तरंग म्हणून पाहिल्यावर कळतं.

प्रकाश हा विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचा तरंग आहे, हे जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं १८६० च्या दशकात मांडलं. परावर्तन आणि अपवर्तन त्या मांडणीत नीट बसवण्याचं काम त्यानं स्वतः केलं नाही. ते केलं हेंड्रिक लोरेंट्झनं, १८७५ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधात. विद्यापीठ पुन्हा लायडनच, जिथे स्नेल अडीचशे वर्षांपूर्वी शिकवत होता.

आता ती अट येते कुठून ते पाहू. विद्युत क्षेत्र म्हणजे एखाद्या बिंदूवर ठेवलेल्या विद्युतभाराला किती आणि कुठल्या दिशेनं ओढ बसेल त्याचं माप. पाण्याच्या शांत पृष्ठभागावर एक अगदी चिमुकली आयताकृती चौकट उभी धरली आहे अशी कल्पना करा. तिची वरची लांब बाजू हवेत, पृष्ठभागाला लागून. खालची लांब बाजू पाण्यात, पृष्ठभागाला लागूनच. दोन्ही टोकांच्या आखूड बाजू पृष्ठभाग भेदून जातात. फॅरडेचा नियम सांगतो, की अशा चौकटीच्या कडेनं एक पूर्ण फेरी मारली, आणि वाटेत प्रत्येक ठिकाणी विद्युत क्षेत्राचा चालीच्या दिशेतला भाग मोजून बेरीज केली, तर ती बेरीज चौकटीतून आरपार जाणारं चुंबकीय क्षेत्र किती झपाट्यानं बदलतं आहे त्यावर ठरते. विद्युत जनित्र याच नियमावर चालतं.

आता चौकटीची उंची कमी करत चला. लांबी तशीच ठेवा, आखूड बाजू मात्र आणखी आखूड करा. चौकटीचं क्षेत्रफळ शून्याकडे जातं, म्हणून तिच्यातून आरपार जाणारं चुंबकीय क्षेत्रही शून्याकडे जातं, आणि त्याच्या बदलाचा प्रश्नच उरत नाही. आखूड बाजूंचा बेरजेतला वाटाही नाहीसा होतो. उरतात दोन लांब बाजू. फेरी मारताना वरच्या बाजूवर आपण उजवीकडे जातो आणि खालच्या बाजूवर डावीकडे, म्हणून त्यांचे वाटे एकमेकांतून वजा होतात. वजाबाकी शून्य यायची असेल तर हवेतलं आणि पाण्यातलं समांतर क्षेत्र सारखंच हवं. यात गृहीत धरलेली एकच गोष्ट म्हणजे कुठलंही क्षेत्र अमर्याद मोठं नाही.

पृष्ठभागाला लंब असलेल्या भागाला ही सक्ती नाही. तो सीमेवर उडी घेतो, कारण पाण्याच्या रेणूंमधले भार पृष्ठभागाशी किंचित सरकून तिथे पातळ थर तयार करतात. ‘क्षेत्र सीमेवर सलग असतं’ असं सरसकट लिहिण्याची चूक विद्यार्थ्यांच्या वह्यांत पुष्कळदा आढळते. सलग असतो तो समांतर भाग.

गणित सोपं राहावं म्हणून प्रकाश असा निवडू, की त्याचं विद्युत क्षेत्र पूर्णपणे पृष्ठभागाला समांतरच थरथरतं आहे. हवेतून एक तरंग पाण्यावर येतो. त्याचा काही भाग परत फिरतो, काही पाण्यात शिरतो. हवेच्या बाजूला आता दोन तरंग आहेत, येणारा आणि परतणारा, आणि तिथलं क्षेत्र म्हणजे त्या दोघांची बेरीज. पाण्याच्या बाजूला एकच तरंग आहे. म्हणून पृष्ठभागावर असं लिहावं लागतं:

A cos(k₁x − ω₁t) + B cos(k₂x − ω₂t) = C cos(k₃x − ω₃t)

x म्हणजे पृष्ठभागावरून किरणाच्या दिशेनं मोजलेलं अंतर, t म्हणजे वेळ. A, B, C या तिन्ही तरंगांच्या ताकदी. ω तरंगाची वारंवारता सांगतो, आणि k हे पृष्ठभागावर तरंगाची शिखरं किती दाट पडतात ते सांगतो. येणारा, परतणारा आणि शिरणारा या तिघांचे k आणि ω मुद्दाम वेगवेगळे लिहिले आहेत, कारण ते सारखे आहेत असं अजून कुणी सांगितलेलं नाही.

पण हे समीकरण पृष्ठभागावरच्या एकाच बिंदूपुरतं किंवा एकाच क्षणापुरतं नाही. ते प्रत्येक x ला आणि प्रत्येक t ला खरं ठरलं पाहिजे. सगळी युक्ती या ‘प्रत्येक’मध्ये आहे. आधी x एका जागी पक्का करू आणि फक्त वेळ जाऊ देऊ. डावीकडच्या दोन तरंगांची वारंवारता वेगळी असती, तर त्यांच्या बेरजेची ताकद सतत वाढत-घटत राहिली असती. सतारीच्या दोन तारा किंचित वेगळ्या लागल्या की ऐकू येतात तसे विस्पंद निर्माण झाले असते. उजवीकडे मात्र एकसारख्या ताकदीचा एकच तरंग आहे. विस्पंद आणि एकसारखा तरंग कायम बरोबरीत राहू शकत नाहीत. म्हणून तिन्ही वारंवारता सारख्याच असल्या पाहिजेत. आता वेळ थांबवू आणि पृष्ठभागावरून पुढे सरकू. तोच युक्तिवाद, तोच निष्कर्ष: तिन्ही तरंगांची शिखरं पृष्ठभागावर सारख्याच अंतरानं पडली पाहिजेत. k₁ = k₂ = k₃. देकार्त जे शोधत होता ते हे. पृष्ठभागाच्या दिशेनं तशीच राहते ती वेगाची चाल नव्हे, शिखरांची दाटी.

पृष्ठभागावरच्या दुसऱ्या, आडव्या दिशेतही हेच लागू पडतं. येणाऱ्या तरंगात त्या दिशेला काहीच चढउतार नसेल, तर परतणाऱ्यात आणि शिरणाऱ्यातही असू शकत नाही. पाठ्यपुस्तकात ‘आपाती किरण, परावर्तित किरण, अपवर्तित किरण आणि स्तंभिका एकाच प्रतलात असतात’ असा जो निराळा नियम असतो, तो इथे आपोआप मिळून गेला.

शिखरांची दाटी सारखी असली की कोन कसे ठरतात, हे शिंप्याला विचारावं. तिरप्या पट्ट्यांच्या कापडाचे दोन तुकडे जोडताना चांगला शिंपी शिवणीवर पट्टे जुळवून घेतो. दोन्ही तुकड्यांचे पट्टे सारख्या रुंदीचे असतील तर दोन्ही सारख्याच तिरकसपणे कापावे लागतात. पण एका कापडाचे पट्टे रुंद आणि दुसऱ्याचे अरुंद असतील, तर शिवणीवर पट्ट्याला पट्टा भिडवण्यासाठी अरुंद पट्ट्यांचं कापड वेगळ्या तिरकसपणानं धरावं लागतं. प्रकाशात पट्टे म्हणजे शिखरांच्या रांगा, पट्ट्याची रुंदी म्हणजे तरंगलांबी, शिवण म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग. पट्टे शिवणीशी जो कोन करतात तोच किरण स्तंभिकेशी करतो, कारण किरण पट्ट्यांना लंब असतो आणि स्तंभिका शिवणीला. शिवणीवर मोजलेलं दोन पट्ट्यांमधलं अंतर असतं: तरंगलांबी भागिले कोनाची साइन. साइन नेमकी इथून येते.

हे कागदावर करून पाहता येतं. एका कागदावर ८ मिलिमीटर अंतरानं समांतर रेषा ओढा, दुसऱ्यावर ६ मिलिमीटर अंतरानं. ८ ला ६ नं भागलं तर १.३३ येतात, आणि पाण्याचा अपवर्तनांक तेवढाच आहे. पहिला कागद असा कापा की कड रेषांशी ४५ अंशांचा कोन करील. कडेवर रेषा ११.३ मिलिमीटर अंतरानं भेटतील. आता दुसरा कागद किती तिरका कापला तर त्याच्या कडेवरही रेषा ११.३ मिलिमीटरनं भेटतील? ६ भागिले ११.३ म्हणजे ०.५३, आणि ज्या कोनाची साइन ०.५३ असते तो कोन ३२ अंशांचा. त्या कोनात कापून दोन्ही कडा एकमेकींना लावल्या की रेषा शिवणीवर मोडतात, पण तुटत नाहीत. कोनमापकानं मोजलात तर तो स्नेलचा नियमच असतो. ४५ ऐवजी दुसरा कोन घेतला तरी रेषा जुळायच्याच.

आता खरा प्रकाश घेऊ. हिरव्या लेझर पॉइंटरची हवेतली तरंगलांबी ५३२ नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. तो पाण्यावर ४५ अंशांनी सोडला, तर पृष्ठभागावर त्याची शिखरं ५३२ भागिले ०.७०७, म्हणजे ७५२ नॅनोमीटर अंतरावर पडतात. परतणाऱ्या तरंगाला हेच ७५२ नॅनोमीटर पाळायचे आहेत. तो हवेतच आहे, त्याची वारंवारता तीच, म्हणून तरंगलांबीही ५३२ नॅनोमीटरच. पट्टा तेवढाच, शिवणीवरचं अंतर तेवढंच, मग कोन वेगळा येणार कसा? ४५ अंशच. पट्ट्यांची जुळणी पाहता या कोनाचे दोनच तरंग हवेत शक्य आहेत. एक पृष्ठभागाकडे येणारा, तो आपण सोडलेलाच आहे. दुसरा पृष्ठभागापासून दूर जाणारा, तो परावर्तित. आरशाचा नियम एवढाच आहे.

पाण्यात मात्र वेग १.३३ पटीनं कमी, वारंवारता तीच, म्हणून तरंगलांबी ४०० नॅनोमीटर होते. शिवणीवरचं अंतर तेच ७५२. तेव्हा साइन म्हणजे ४०० भागिले ७५२, ०.५३२, आणि कोन ३२.१ अंश. अंकांऐवजी अक्षरं ठेवली तर शिवणीवरची बरोबरी λ₁ / sin θ₁ = λ₂ / sin θ₂ अशी दिसते. तरंगलांबी अपवर्तनांकाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून हीच बरोबरी

n₁ sin θ₁ = n₂ sin θ₂

अशी लिहिता येते. स्नेलनं मोजून काढलेला नियम तो हाच.

देकार्तची चूकही आता मोजता येते. त्यानं वेग आणि साइन यांचा गुणाकार दोन्हीकडे सारखा ठेवला. तरंगाच्या बाबतीत सारखा राहतो तो भागाकार: वेग भागिले साइन. म्हणून त्याच्या हिशोबात पाण्यातला वेग वाढला आणि फुकोच्या प्रयोगात तो घटलेला दिसला. या भागाकाराला अर्थ आहे. शिखरं पृष्ठभागावरून ज्या वेगानं पळताना दिसतात तो हा वेग. आपल्या लेझरसाठी तो सेकंदाला ४ लाख २४ हजार किलोमीटर येतो, प्रकाशाच्या निर्वात पोकळीतल्या वेगाहूनही जास्त. यात काही भंग होत नाही, कारण पृष्ठभागावरून कुठलीही ऊर्जा किंवा निरोप त्या वेगानं जात नाही. तिरप्या रांगा एकामागून एक पृष्ठभागाला टेकतात, आणि टेकण्याची जागा तेवढी पळते.

वारंवारता बदलत नाही, तरंगलांबी बदलते, हे ऐकून अनेकांना एक शंका येते. ४०० नॅनोमीटर म्हणजे तर जांभळा रंग. मग हिरवा लेझर पाण्यात जांभळा का दिसत नाही? रंगाच्या तक्त्यात दिलेल्या तरंगलांब्या निर्वातातल्या असतात. डोळ्याला रंग कळतो तो वारंवारतेवरून, आणि ती सीमेनं बदलूच दिली नाही. शिवाय डोळा स्वतःच पाण्यासारख्या द्रवानं भरलेला आहे. हवेतून येणारा हिरवा प्रकाशही दृष्टिपटलावर पोचतो तेव्हा त्याची तरंगलांबी ४०० च्या आसपासच असते. हिरवं आपण आयुष्यभर त्याच लांबीवर पाहत आलो आहोत.

एक गोष्ट इथे मोकळेपणानं सांगितली पाहिजे. कोन काढताना A, B, C यांची किंमत आपण एकदाही वापरली नाही. समांतर क्षेत्र दोन्हीकडे अगदी समान असतं हेही पूर्णपणे वापरलं नाही. सपाट, एकसारख्या, स्थिर सीमेवर तिन्ही तरंगांना बांधणारी कुठलीही साधी बेरजेची अट असती, तरी कोन हेच आले असते. ध्वनी आणि भूकंपाच्या लहरीही सीमेवर याच नियमानं वळतात, त्याचं कारण हेच. अटीचा नेमकेपणा लागतो तो किती प्रकाश परततो आणि किती शिरतो हे काढताना. सरळ खाली पडणाऱ्या प्रकाशासाठी विद्युत क्षेत्राची अट सांगते A + B = C. तशीच चौकट चुंबकीय क्षेत्रासाठी धरली की n₁(A − B) = n₂C मिळतं. दोन समीकरणं सोडवली तर १.५ अपवर्तनांकाच्या काचेवर B येतो A च्या उणे एक पंचमांश. प्रकाशाची तीव्रता वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून एक पंचविसांश, म्हणजे ४ टक्के प्रकाश परततो. पाण्यावरून २ टक्के. रात्री दिवा लावलेल्या खोलीत खिडकीच्या काचेत आपलं प्रतिबिंब दिसतं ते या चार टक्क्यांमुळे, आणि काचेला दोन पृष्ठभाग असल्यानं प्रत्यक्षात जवळजवळ दुप्पट.

या अटीची खरी ताकद उलट्या प्रवासात दिसते. लेझर आता पाण्याच्या आतून वर सोडा, ६० अंशांनी. पाण्यातले ४०० नॅनोमीटरचे पट्टे शिवणीवर ४०० भागिले ०.८६६, म्हणजे ४६२ नॅनोमीटर अंतरानं भेटतात. हवेतल्या तरंगाला आता ४६२ जुळवायचे आहेत, पण त्याचा पट्टाच ५३२ नॅनोमीटर रुंद आहे. कापड कसंही धरलं तरी शिवणीवर पट्ट्यांमधलं अंतर पट्ट्याच्या रुंदीपेक्षा कमी होऊ शकत नाही. जुळणी अशक्य. स्नेलच्या सूत्रात साइन १.१५ येते, आणि अशी साइन कुठल्याच कोनाला नसते. म्हणून हवेत दूर जाणारा तरंग निघत नाही आणि सगळा प्रकाश पाण्यात परततो. पूर्ण आंतरिक परावर्तन ते हेच. पाण्यासाठी त्याची सुरुवात ४८.८ अंशांपासून होते.

शाळेचा धडा इथे थांबतो. अट मात्र थांबत नाही. पाण्याच्या बाजूला पृष्ठभागावर क्षेत्र शून्य नाही, आणि समांतर क्षेत्र तर दोन्हीकडे सारखंच असलं पाहिजे. म्हणजे हवेच्या बाजूलाही क्षेत्र असलंच पाहिजे, एकही किरण तिकडे जात नसला तरी! ते असतं. ते पृष्ठभागाला चिकटून त्याच ४६२ नॅनोमीटरच्या दाटीनं पृष्ठभागाच्या बाजूनं धावतं, आणि वर जाताना झपाट्यानं विझतं. आपल्या उदाहरणात ते दर १४८ नॅनोमीटर उंचीला साधारण एक तृतीयांशाहून थोडं जास्त उरतं. मिलिमीटरच्या हजाराव्या भागावर पोचेपर्यंत त्याचा मागमूस राहत नाही.

एवढ्या पातळ थरातली गोष्ट घरच्या ग्लासात दिसते. पारदर्शक काचेचा ग्लास पाण्यानं काठोकाठ भरा, हातात धरा आणि वरून तिरपं आत पाहा. ग्लासाची बाजू चांदीच्या पत्र्यासारखी चकाकते आणि बाहेरची बोटं दिसेनाशी होतात, कारण तिथे पूर्ण आंतरिक परावर्तन चालू आहे. आता बोट किंचित ओलं करून काचेवर घट्ट दाबा. चकाकीवर बोटाचा ठसा उमटतो. सगळं बोट दिसत नाही, त्याच्या कातडीवरच्या उंच रेघा तेवढ्या दिसतात, मधल्या खाचा चकाकतच राहतात. रेघा काचेला इतक्या टेकलेल्या असतात की विझणारं क्षेत्र विझण्याआधीच त्यांच्यापर्यंत पोचतं आणि तिथून प्रकाश निसटतो. खाचांमध्ये हवेची फट त्या मानानं फार मोठी आहे. बोटांचे ठसे घेणारी काचेच्या खिडकीची अनेक यंत्रं याच तत्त्वावर चालतात. बोट फार कोरडं असलं की ती ठसा धरत नाहीत, कारण रेघ आणि काच यांच्यामध्ये राहिलेली सूक्ष्म फटही या हिशोबात मोठी ठरते.

प्रकाशाच्या बाबतीत ही फट मोजणं अवघड, कारण ती नॅनोमीटरमध्ये आहे. तरंगलांबी वाढवली तर फटही तेवढ्याच प्रमाणात वाढते. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी १८९७ मध्ये हेच केलं. त्यांच्याजवळ विद्युत ठिणग्यांतून निर्माण केलेले, मिलिमीटर-सेंटिमीटर लांबीचे विद्युतचुंबकीय तरंग होते. दोन लोलक समोरासमोर ठेवून त्यांच्यातली हवेची फट कमी-जास्त करत त्यांनी पूर्ण परावर्तन कधी मोडतं ते तपासलं, आणि फटीची जाडी तरंगलांबीबरोबर वाढत जाते असं त्यांना आढळलं. अंदाज यावा म्हणून एक हिशोब: १.५ अपवर्तनांकाचा मेणाचा लोलक आणि ४५ अंशांचा कोन घेतला, तर २ सेंटिमीटरच्या तरंगाचं क्षेत्र विझायला लागणारं अंतर ९ मिलिमीटर येतं. ते साध्या पट्टीनंही मोजता येईल. त्याच कोनात हिरव्या प्रकाशासाठी हे अंतर २४० नॅनोमीटर आहे.

शेवटी मर्यादा. कोनांचे नियम उभे आहेत ते सीमा सगळीकडे सारखी आहे आणि कायम तशीच आहे या दोन गोष्टींवर. सीमा हलत असेल तर ‘प्रत्येक t ला’ हा युक्तिवाद बदलतो आणि परतणाऱ्या प्रकाशाची वारंवारता वेगळी येते. रस्त्यावरच्या गाडीचा वेग मोजणारं रडार या फरकावरच चालतं. सीमा धारदार नसून हवेच्या तापलेल्या थरांसारखी हळूहळू बदलणारी असेल, तर पृष्ठभागाच्या दिशेतली दाटी तरीही टिकते, म्हणून वळण्याचा नियम थरामागून थर पाळला जातो. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दिसणारं मृगजळ त्यातून होतं.

सर्वांत ठळक बिघाड होतो तो सीमा सगळीकडे सारखी नसते तेव्हा, आणि तो पाहायला जुनी सीडी पुरते. तिच्या पृष्ठभागावर १.६ मायक्रोमीटर, म्हणजे १६०० नॅनोमीटर अंतरानं बारीक खाचांच्या ओळी असतात. आता x पुढे सरकवला की परिस्थिती तीच राहते असं म्हणता येत नाही. ती तीच राहते फक्त १६०० नॅनोमीटरच्या पूर्ण पावलांनी. तेवढी सवलत मिळाल्यावर परतणाऱ्या तरंगाला येणाऱ्याची दाटी तशीच्या तशी ठेवण्याची सक्ती उरत नाही. दर १६०० नॅनोमीटरला एक पूर्ण शिखर जास्त किंवा कमी बसवण्याची त्याला मुभा असते. हिरवा लेझर सीडीवर सरळ लंब सोडला, तर आरशाचा नियम म्हणतो तो सरळ परत यावा. तसा एक येतोच. पण त्याच्या दोन्ही बाजूंना आणखी ठिपके उमटतात. पहिल्यासाठी साइन ५३२ भागिले १६००, म्हणजे ०.३३२, कोन १९.४ अंश. दुसऱ्यासाठी साइन त्याच्या दुप्पट, कोन ४१.७ अंश. तिसऱ्यासाठी तिप्पट, ०.९९७५, म्हणजे जवळजवळ ८६ अंश, सीडीला घासून जाणारा. चौथ्याची साइन एकाच्या पलीकडे जाते, म्हणून तो उमटत नाही. भिंतीवर कागद लावून या ठिपक्यांची अंतरं मोजली, तर उलट हिशोबानं सीडीवरच्या ओळींमधलं अंतर काढता येतं.